डोंगल लावलेलं, माऊस चालतोय, तरी म्हणे ‘रिसीव्हर सापडला नाही’

मी साताऱ्यात घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, पतसंस्थांचे अहवाल असलं काय काय. तुळशीचं लग्न झालं की माझा सीझन सुरू, आणि नेमका त्याच आठवड्यात जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. रिपेअरला साडेचार हजार सांगितले, वर गॅरंटी नाही, म्हणून शनिवारी ८ नोव्हेंबर २०२५ ला दुकानात जाऊन जुना कॅबिनेट एक्स्चेंजमध्ये दिला आणि रिफर्बिश्ड कॉम्प्युटर घेतला. जुन्याचे १,२०० वजा करून १०,३०० रुपये दिले.

मॉनिटर घरचाच, कीबोर्ड माऊस पण घरचेच, दोन्ही वायरलेस. कीबोर्ड लॉजिटेकचा, सातेक वर्षांपूर्वीचा. माऊस नंतर घेतलेला, स्वस्तातला, दुसऱ्याच कंपनीचा. कॅबिनेट देण्याआधी मी मागच्या बाजूला हात घालून वायरलेसचा सिग्नल घेणारा रिसीव्हर, म्हणजे ते नखाएवढं डोंगल काढून पर्समध्ये टाकलं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचे पाच दिवस मी जी काही धावपळ केली ती सगळी ह्याच्यातूनच निघाली.

घरी आल्यावर डोंगल पुढच्या पोर्टमध्ये लावलं आणि कॉम्प्युटर चालू केला. पासवर्डचा स्क्रीन आला आणि काहीच होईना. माऊसचा बाण जागचा हलेना, कीबोर्डची एक बटण चालेना. दहा मिनिटं मी डोंगल काढ-घाल, काढ-घाल करत बसले, मग नवऱ्याने माझ्या हातातून घेऊन तेच दहा मिनिटं केलं. सेल बदलले, चाळीस रुपये गेले, काही फरक नाही. मग सहज म्हणून त्याच पोर्टला पेनड्राइव्ह लावला, माझ्या पेनड्राइव्हला निळा दिवा आहे, तो पेटलाच नाही. म्हणजे पोर्टच मेलेला. नंतर दुकानदाराने सांगितलं की कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची वायर आत मदरबोर्डला जोडलेली असते, जुनी मशीन साफ करताना ती बऱ्याचदा लावायची राहते. तर पहिली गोष्ट ही, डोंगलवर संशय घेण्याआधी त्याच पोर्टला दुसरं काहीतरी लावून बघा, आणि शक्यतो मागचे पोर्ट वापरा, ते थेट मदरबोर्डवरच असतात.

मागे लावलं तर माऊस लगेच पळायला लागला. मला वाटलं झालं काम. पण कीबोर्ड मेलेलाच. आणि पासवर्ड तर टाकायचाय!

इथे एक उपयोगाचं. विंडोज ११ च्या लॉगिन स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात माणसाच्या आकृतीचं छोटं चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की यादी येते, त्यात On-Screen Keyboard चालू करायचा. मग स्क्रीनवर कीबोर्ड उमटतो आणि माऊसने एकेक अक्षर क्लिक करून पासवर्ड टाकता येतो. माऊस पण चालत नसेल तर मात्र वायरवाला काहीतरी लागतोच. मी नंतर अडीचशेचा वायरवाला माऊस आणून ठेवला, तो आता कायम कपाटात असतो.

आत गेल्यावर Device Manager उघडलं (स्टार्टवर राइट क्लिक केलं की यादीत दिसतं, टाईप करावं लागत नाही). तिथे Keyboards खाली चक्क ‘HID Keyboard Device’ लिहिलेलं! मग मी काय समजणार, की कॉम्प्युटरला कीबोर्ड दिसतोय म्हणजे बिघाड कीबोर्डातच आहे नाहीतर ड्रायव्हरमध्ये. त्या एका ओळीने माझा अख्खा रविवार खाल्ला. ती ओळ राइट क्लिक करून अनइन्स्टॉल केली, रीस्टार्ट केलं, ओळ परत आली, कीबोर्ड नाही. विंडोज अपडेट केलं, दोन तास गेले, कीबोर्ड नाही. वधूपित्याचे फोन चालू, ‘ताई, पत्रिकेचं प्रूफ कधी?’ आणि मी माऊसने क्लिक क्लिक करून ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ लिहितेय. चार ओळींना पाऊण तास लागला, मनगट भरून आलं.

सोमवारी दुकानात गेले. काउंटरवरच्या दादांनी ऐकून घेतलं आणि लगेच ‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम, विंडोज नवीन मारायला लागेल, पाचशे होतील’ असं सांगितलं. मी म्हटलं माऊस चालतोय ना, मग विंडोज कशाला बदलायचं. त्यावर त्यांनी दुसरा सल्ला दिला, तो त्यातल्या त्यात बरा होता, की कंपनीचं सॉफ्टवेअर डाऊनलोड करून डोंगल आणि कीबोर्डची परत जोडी लावून, म्हणजे पेअर करून बघा. पाचशे वाचवून घरी आले.

लॉजिटेकचं जे जुनं डोंगल असतं त्याला युनिफाइंग म्हणतात. डोंगलवर आणि कीबोर्डच्या खाली नारिंगी रंगाचं सहा टोकांचं छोटंसं चिन्ह असतं, ताऱ्यासारखं म्हणा नाहीतर फुलासारखं. माझ्या कीबोर्डला खाली ते होतं. त्याचं Unifying Software कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं, लहानसं आहे. ते टाकलं, उघडलं, तर त्याचं म्हणणं असं की युनिफाइंग रिसीव्हर सापडत नाही, तो लावा. अरे लावलाय की! माऊस चालतोय त्याच्यावर! मी चारही मागचे पोर्ट बदलून बघितले, प्रत्येक वेळी माऊस चालतो आणि प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर म्हणतं रिसीव्हर नाही. सोमवारी रात्री मी रडकुंडीला आले होते खरं सांगते, कारण ज्या गोष्टीचा काही अर्थच लागत नाही ना, तिच्यावर रागही नीट काढता येत नाही.

मंगळवारी भाच्याला व्हिडिओ कॉल केला. तो पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. त्याने पहिला प्रश्न विचारला तो मला कुणीच विचारला नव्हता. ‘आत्या, डोंगल कुठल्या कंपनीचं आहे?’

मी म्हटलं लॉजिटेकचं, आणखी कुठलं.

‘त्याच्यावर नारिंगी चिन्ह आहे का बघ.’

चष्मा लावून, मोबाइलची बॅटरी मारून बघितलं. काळं कुळकुळीत, काही चिन्ह नाही. मी म्हटलं पुसलं असेल रे. तो म्हणाला थांब, आपण कॉम्प्युटरलाच विचारू. Device Manager मध्ये Mice and other pointing devices खाली जी ओळ असेल तिच्यावर राइट क्लिक, मग Properties, मग Details, आणि तिथल्या ड्रॉपडाऊनमध्ये Hardware Ids निवडायचं. एक लांबलचक अक्षरांची ओळ येते, तिच्यात VID च्या पुढची चार अक्षरं म्हणजे ते डोंगल कुठल्या कंपनीच्या नावावर नोंदलेलं आहे तो नंबर, आणि PID म्हणजे कुठलं मॉडेल. लॉजिटेकचं युनिफाइंग असेल तर त्या ओळीत हे सापडायला पाहिजे:

```
VID_046D&PID_C52B
```

माझ्याकडे 046D कुठेच नव्हतं. दुसराच काहीतरी नंबर. म्हणजे पर्समधून जे मी घरी आणलं ते डोंगल माऊसचं होतं, आणि कीबोर्डचं डोंगल जुन्या कॅबिनेटच्या मागेच राहिलं होतं! सात वर्षांपूर्वी कीबोर्ड लावला तेव्हाचं ते, नंतर माऊस आला तेव्हा दुसरं डोंगल शेजारी लागलं असणार, आणि माझ्या डोक्यात मात्र पक्कं बसलेलं की एकाच डोंगलवर दोन्ही चालतात. काढताना हाताला एक लागलं, तेच काढलं.

मग त्या ‘HID Keyboard Device’ चं काय, असं मी विचारलं. तर पुष्कळ स्वस्त माऊसची डोंगलं स्वतःची ओळख माऊस आणि कीबोर्ड अशी दुहेरी करून देतात, कारण तोच तुकडा कंपनी कीबोर्डच्या जोडीत पण विकते किंवा माऊसच्या जादा बटणांना कीबोर्डची बटणं म्हणून पाठवते. विंडोजला फक्त यूएसबीत लागलेला तुकडा दिसतो, हवेतून पलीकडे कुणी बोलतंय की नाही हे त्या यादीत कळत नाही. म्हणजे ती ओळ खोटी नव्हती, मीच तिचा अर्थ चुकीचा लावला.

भाच्याने दुसरी गोष्ट सांगितली ती मला आधी माहीत असती तर ड्रायव्हरच्या नादी लागलेच नसते. पेअरिंग हे कॉम्प्युटरमध्ये नसतंच. ते अर्धं डोंगलच्या आत आणि अर्धं कीबोर्डच्या आत साठवलेलं असतं, एकमेकांचा पत्ता दोघांनी लिहून ठेवल्यासारखं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते डोंगल म्हणजे वायरवाला कीबोर्डच. त्यामुळे बरोबर डोंगल दुसऱ्या कॉम्प्युटरला लावलं तर काही न करता चालायला पाहिजे, परत पेअर करायची गरजच नाही. नाही चाललं तर एकतर पोर्ट मेलाय, नाहीतर सेल, नाहीतर मध्ये काहीतरी अडथळा, नाहीतर माझ्यासारखं डोंगलच दुसरं आहे. विंडोज नवीन टाकून ह्यातलं काहीच दुरुस्त होत नाही.

दुकानात फोन केला तर जुना कॅबिनेट पार्टसाठी गोडाऊनला गेलेला. ‘बघतो ताई’ म्हणाले.

बुधवारी १२ तारखेला नवीन डोंगल घ्यायला बाजारात गेले. दुसऱ्या एका दुकानात लॉजिटेकचंच सुटं डोंगल होतं, दिसायला डिट्टो तसंच, मी पैसे काढले पण होते. मग पाकीट उलटं करून बघितलं तर चिन्ह वेगळं, त्याचं नाव लॉजी बोल्ट. हे २०२१ पासून आलेलं नवीन पद्धतीचं डोंगल आहे, आतून ब्लूटूथवर चालतं, आणि नारिंगी चिन्हवाल्या जुन्या कीबोर्डशी त्याचं अजिबात जमत नाही. कंपनी एकच असली तरी नाही. मुकाट्याने परत ठेवलं. तुम्ही सुटं डोंगल घेणार असाल तर कीबोर्ड उलटा करून चिन्हाचा फोटो काढूनच दुकानात जा, नुसतं ‘लॉजिटेकचं डोंगल द्या’ म्हणू नका. आणि चिन्हच नसलेला कीबोर्ड असेल तर डोंगल हरवलं म्हणजे बहुतेक वेळा विषय संपला, असं सुटं डोंगल मिळतच नाही, अख्खा सेट घ्यावा लागतो.

घरी येऊन नवऱ्याला हे सगळं सांगत होते तर तो उठला, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये खुडबुड केली आणि एक मेलेला माऊस काढून आणला. त्याचाच, ऑफिसचा जुना, डावं बटण गेलं म्हणून पडलेला. खालचं सेलचं झाकण उघडलं तर आत खोबणीत डोंगल आणि त्याच्यावर नारिंगी चिन्ह! आमच्या घरात काही टाकून देत नाहीत म्हणून मी एरवी किती बोलते त्याला.

हे चालतं कारण युनिफाइंग डोंगलमध्ये सहा जागा असतात, म्हणजे एका डोंगलवर सहा वस्तू पेअर होतात, आणि त्या वस्तू मूळ त्या डोंगलबरोबर विकत घेतलेल्या असल्याच पाहिजेत असं काही नाही. दोन्हीकडे ते चिन्ह असलं म्हणजे झालं. मेलेल्या माऊसने एक जागा अडवलेली, पाच मोकळ्या.

डोंगल मागच्या पोर्टला लावलं, आधी Hardware Ids बघितलं (आता मी शहाणी झालेले), VID_046D&PID_C52B दिसलं. सॉफ्टवेअर उघडलं, ह्यावेळी रिसीव्हर सापडला. Next दाबलं, त्याने सांगितलं कीबोर्ड बंद करून परत चालू करा. माझा कीबोर्ड चालूच होता म्हणून मी नुसती बटणं दाबत बसले, काहीच झालं नाही आणि वेळ संपली. कारण असं, की कीबोर्ड नव्या डोंगलला आपली ओळख सांगतो ती स्विच चालू केल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत. एरवी तो आपल्या जुन्या डोंगललाच हाका मारत असतो आणि बाकी कुणाचं ऐकत नाही. डोंगल पण साधारण अर्धा मिनिटच वाट बघतं. दुसऱ्या वेळी कीबोर्ड आधीच बंद करून कॅबिनेटच्या शेजारी नेऊन ठेवला, Next दाबलं, मग स्विच सरकवला, आणि दोन सेकंदात स्क्रीनवर कीबोर्डचं नाव आलं. पुढे एक चौकट येते, त्यात टाईप करून बघायला सांगतात. मी काय टाईप केलं असेल? ‘आमचे येथे’.

तिथेच Advanced मध्ये गेलं की डोंगलवर काय काय पेअर आहे ते दिसतं, त्यात मेलेला माऊसही होता. तो Un-pair करून काढता येतो, मी काढला, नाही काढला तरी अडत नव्हतं. ज्यांच्याकडे लिनक्स आहे त्यांच्यासाठी भाच्याने सांगितलंय की सोलार नावाचं सॉफ्टवेअर हेच काम करतं, टर्मिनलला `solaar pair` लिहायचं आणि कीबोर्ड बंद-चालू करायचा. तिथे `lsusb` केलं की `046d:c52b` दिसतंय का ते आधी बघायचं.

वाटलं संपलं. गुरुवारी काम जोरात सुरू केलं आणि संध्याकाळी प्रूफ वाचताना बघते तर ‘कुलकर्णी’चं ‘कलकर्णी’ झालेलं. पुढे ‘शुभविवाह’चा उकार गेलेला. मला आधी वाटलं वय झालं, मग लक्षात आलं की मधूनमधून अक्षरच उमटत नाही. मराठीत एक बटण गळलं की मात्रा जाते आणि तरीही शब्द वाचता येतो, म्हणून चटकन कळतही नाही, ते छापून गेलं असतं तर माझी शोभाच झाली असती.

गंमत म्हणजे हे सतत होत नव्हतं. जुन्या फाइली पोर्टेबल हार्डडिस्कवरून कॉपी होत असल्या की व्हायचं, कॉपी थांबली की कीबोर्ड ठणठणीत. डोंगल आणि हार्डडिस्क शेजारी शेजारी निळ्या पोर्टमध्ये होते. निळा पोर्ट म्हणजे यूएसबी ३, त्यातून डेटा जोरात जायला लागला की पोर्टच्या आणि केबलच्या आसपास जो गोंगाट होतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पण पसरतो, आणि वायरलेस कीबोर्ड माऊस ह्याच पट्ट्यात बोलतात. इंटेलनेच २०१२ मध्ये ह्यावर मोजमापासकट कागद काढलाय. डोंगल हार्डडिस्कच्या कुशीत आणि कीबोर्ड टेबलावर चार फूट लांब, मध्ये लोखंडी कॅबिनेट, त्यात कीबोर्डचा आवाज बुडणारच. एक मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल १३० रुपयांना आणली, ती काळ्या पोर्टला लावली आणि डोंगल मॉनिटरच्या खाली टेबलावर आणून ठेवलं. तेव्हापासून एकही उकार गेला नाही. पुन्हा हार्डडिस्क कॉपी लावून मुद्दाम दोन पानं टाईप करून बघितली.

शनिवारी भाच्याचं म्हणणं खरं आहे का ते पडताळलं. डोंगल काढून नवऱ्याच्या लॅपटॉपला लावलं, ज्याच्यात ते सॉफ्टवेअर कधी टाकलेलंच नाही, आणि कीबोर्ड लगेच चालला. परत माझ्याकडे आणलं, चालला.

एकूण खर्च म्हणाल तर सेल ४०, वायरवाला माऊस २५०, केबल १३०. चारशे वीस रुपये आणि पाच दिवस. डोंगलला शून्य.

शुक्रवारी २१ तारखेला दुकानातून फोन आला, ‘ताई, तुमच्या कॅबिनेटला मागे एक छोटंसं काहीतरी होतं, ठेवलंय.’ जाऊन घेऊन आले. नारिंगी चिन्ह, माझंच. हौस म्हणून लावून बघितलं, आणि कीबोर्ड गप्प! क्षणभर पोटात गोळाच आला. सॉफ्टवेअर उघडलं तर रिसीव्हर सापडला, त्याच्या यादीत माझा कीबोर्डही होता, पण तो आता त्याला ओळखच देईना, कारण ह्या साध्या कीबोर्डच्या लक्षात एका वेळी एकच डोंगल राहतं, जे शेवटी पेअर केलं ते. जुन्या डोंगलच्या वहीत त्याचं नाव अजून आहे, त्याच्या वहीतून मात्र जुन्याचं पुसलं गेलंय. परत पेअर केलं असतं तर चाललं असतं, पण चालतंय त्याला कशाला हात लावा. त्याला पांढरी चिकटपट्टी लावून ‘कीबोर्ड – जुनं’ असं लिहिलं आणि त्या मेलेल्या माऊसच्या पोटात ठेवून दिलं.